न कळलेल्या मेसेजला काय उत्तर द्यावं? छापखान्याच्या काउंटरवरचे तीन पर्याय

लग्नसराईत आमच्या छापखान्याचा व्हॉट्सॲप नंबर दिवसभर वाजत असतो. काउंटरवर नवीन मुलगा बसवला की त्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी लागते: अर्थ न लागणारा मेसेज आला तर काय करायचं? पर्याय तीनच आहेत. काहीतरी गृहीत धरून ठामपणे उत्तर द्यायचं, गप्प बसायचं, किंवा काय दिसतंय ते दाखवून विचारायचं. ज्यांना असाच नंबर चालवायचा आहे, त्यांच्यासाठी हे तिन्ही एकाच मेसेजवर लावून बघतो.

मेसेज हा होता: `hldjfke Lexybe`

पाठवणाऱ्या ताई कचेरीत टंकलेखनाचं काम करतात. आदल्या दिवशी त्यांनी मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ पाहून 'ठीक आहे' कळवलं होतं, पाचशे प्रतींचं काम होतं. हा मेसेज सकाळी अकराच्या सुमारास आला. काउंटरवरच्या मुलाने वरचं संभाषण पाहिलं, ताई काम कुठवर आलं ते विचारत असणार असं मनाशी ठरवलं आणि लिहिलं, "हो ताई, तुम्ही सांगितलंय तसंच करतोय. काळजी नको."

आता ताईंच्या बाजूने बघा. त्यांनी लिहिलं होतं 'पत्रिका थांबवा'. मुहूर्ताची वेळ बदलली होती. संगणकावर त्या इनस्क्रिप्ट कीबोर्डने, पडद्याकडे न बघता टाइप करतात, आणि त्या वेळी भाषा इंग्रजीवर राहिली होती. इनस्क्रिप्टमध्ये `h` वर प, `l` वर त, `d` वर हलन्त, `j` वर र, `f` वर ऱ्हस्व वेलांटी, `k` वर क आणि `e` वर काना. बोटं बरोबर पडली, अक्षरं इंग्रजी उमटली. पुढे 'थांबवा'चंही तेच झालं. आपण काय पाठवलं हे त्यांनी वर बघितलंच नाही. खाली आलेलं उत्तर तेवढं वाचलं. 'तुम्ही सांगितलंय तसंच करतोय' म्हणजे थांबवलं! त्या निर्धास्त झाल्या. दुपारपर्यंत पाचशे पत्रिका जुन्या वेळेसकट छापून झाल्या.

ठाम उत्तराची खरी गोम इथे आहे. चूक निव्वळ अंदाजाची असती तर ती पटकन पकडली गेली असती. पण उत्तर आल्यावर आपला निरोप पोचला असं पाठवणाऱ्याला वाटतं, आणि पुन्हा वर बघण्याचं कारणच उरत नाही. शिवाय असं उत्तर गुळगुळीत असेल तर वाचणारा त्यात आपलाच अर्थ भरतो. मुलाच्या मनात 'सांगितलंय' म्हणजे कालचं प्रूफ होतं, ताईंच्या मनात आत्ताचा मेसेज. दुसऱ्या दिवशी त्या नवीन वेळ घेऊन आल्या तेव्हा अर्धा तास 'मी सांगितलं होतं', 'आम्हाला कळलंच नाही' यातच गेला. कागद आणि शाईचं नुकसान आम्ही सोसलं, त्यात हुज्जत घालण्यासारखं काही नव्हतं.

तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवले तर:

| काय केलं | ताईंना काय वाटतं | पुढे काय होतं |
|---|---|---|
| ठाम अंदाज | निरोप पोचला | चुकीच्या वेळेच्या पाचशे पत्रिका |
| गप्प बसलो | अजून उत्तर का नाही? | थोड्या वेळाने फोन येतो, चूक उघडी पडते |
| दाखवून विचारलं | अरे, कीबोर्ड इंग्रजीवर होता | दोन मिनिटांत बरोबर मेसेज येतो |

गप्प बसणं मला स्वतःला आवडत नाही, ते उर्मटपणाचं वाटतं. पण ठाम अंदाजापेक्षा ते बरं, कारण उत्तर आलं नाही म्हणून माणूस विचारतो तरी. ताईंनी तासाभरात फोन केलाच असता. फक्त तोवर मशीन चालू राहतं, एवढाच त्यातला धोका.

तिसरा पर्याय नीट करायचा तर नुसतं 'समजलं नाही' लिहून भागत नाही. ताईंना वाटलं असतं, एवढं साधं मराठी यांना कळत नाही का, आणि भाषा न बदलता त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं असतं. मेसेज जसा दिसतोय तसाच परत दाखवायला हवा. आता आम्ही असं लिहितो: "ताई, तुमचा मेसेज इकडे असा दिसतोय: `hldjfke Lexybe`. कीबोर्ड इंग्रजीवर राहिला असावा. पुन्हा पाठवाल का? तोवर छपाई थांबवतो." मशीन दहा मिनिटं उभं राहिलं तर फारसं बिघडत नाही, छापलेली पत्रिका मात्र परत कोरी होत नाही.

इथे कुणी म्हणेल, अक्षरं उलगडता येतात तर उलगडून कामाला का लागू नये? मलाही आधी तो मोह व्हायचा. पण 'पत्रिका थांबवू नका' हे वाक्य याच पद्धतीने `hldjfke Lexybt vke` असं येतं. एंटर मध्येच दाबला गेला आणि `vke` मागे राहिलं, तर हातात 'पत्रिका थांबवू' एवढंच उरतं, म्हणजे अर्थ नेमका उलटा. म्हणून उलगडलेला मजकूर प्रश्न म्हणून ठेवायचा: "पत्रिका थांबवा, असं म्हणायचंय का?" हो आलं की मगच हलायचं. रकमेचा किंवा तारखेचा मामला असेल तर मी तेही लिहीत नाही, सरळ फोन लावतो. आपण पुढे केलेल्या वाक्याला माणसं घाईत 'हो' म्हणून टाकतात.

जुन्या संगणकावरून आलेला मजकूर वेगळा ओळखावा लागतो. कृतिदेव हा जुना फॉन्ट इंग्रजी अक्षरांनाच मराठीचं रूप देतो, त्यामुळे त्यातलं 'विवाह' आपल्याकडे `fookg` दिसतं, इंग्रजीवर राहिलेल्या इनस्क्रिप्टचं `bfbeu`. दोन्हीकडे `f` म्हणजे ऱ्हस्व वेलांटीच, पण कृतिदेवमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, इनस्क्रिप्टमध्ये अक्षराच्या नंतर. त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीलाच `f` दिसला तर आम्ही मजकूर पुन्हा टाइप करायला सांगत नाही, मूळ फाइल मागवतो.

आणि काही मेसेज खरोखरच निरर्थक असतात. `asdfgh` इनस्क्रिप्टने वाचून बघा: ओकाराची मात्रा, मग एकाराची, मग हलन्त. मात्रेने मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणजे इथे उलगडायला काहीच नाही, बोट ओढलं गेलंय. आमच्याकडच्या आधीच्या मुलाने असल्याच एका मेसेजला "कार्डं उद्या सकाळी घेऊन जा" असं उत्तर दिलं होतं. बिचारे गृहस्थ सकाळची एसटी पकडून आले. कार्डं तयार नव्हती, आणि त्यांनी काही विचारलंही नव्हतं. फोन नातवाच्या हातात होता.