सोफ्याच्या कापडाचे दोन नमुने : दिवसाउजेडातले फोटो आणि वर्षभराचा वापर

पुण्यातील आमच्या घरात दोन मुले, फिकट रंगाचा एक लॅब्रेडॉर आणि एक मांजर आहे. जुन्या सोफ्याला नवे कापड घालायचे ठरले, तेव्हा दुकानदाराने हातभर लांबीचे दोन नमुने घरी दिले. पहिला सुती धाग्याच्या मिश्रणाचा, फिकट बदामी रंगाचा, जाडसर व फासेदार विणीचा होता. दुसरा आखूड लवेच्या पॉलिएस्टर मखमलीचा, राखाडी आणि तपकिरी धाग्यांच्या मिसळीचा. जवळपास वर्षभर हा दुसरा सोफ्यावर आहे.

दुकानातल्या पिवळट दिव्यांखाली बदामी कापड अधिक उबदार, तर मखमल जवळजवळ चॉकलेटी दिसत होती. म्हणून घरी सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद करून फोटो काढले. नमुन्यांचे वेगवेगळे फोटो काढून उपयोग नसतो, कारण फोनचा कॅमेरा प्रत्येक चित्राचा उजेड आपल्या हिशेबाने मध्यम करतो. त्यामुळे फिकट कापड मळकट आणि गडद कापड फिके येते. दोन्ही तुकडे एकाच चौकटीत, मध्ये पांढरा कोरा कागद ठेवून घेतले आणि कागद पांढराच दिसतो आहे ना, एवढे पाहिले, की रंगांची तुलना विश्वासार्ह होते.

याच फोटोंनी निर्णय करून दिला, पण तो रंगावरून नव्हे. खिडकीचा उजेड कापडावर तिरपा पडेल असे तुकडे ठेवून जवळून टिपल्यावर बदामी कापडातला धाग्याचा एकेक फासा सुटा दिसू लागला. मांजराची नखी अशाच फाशात अडकते आणि एक धागा ओढला गेला की त्याची रेघ दूरवर उमटते. मखमलीत वर उभी असते ती कापलेली लव. नखी अडकायला फासाच नसतो. गंमत म्हणजे लेबलवरचा मार्टिनडेल आकडा बदामी कापडाचा जास्त होता, ४५,००० विरुद्ध ४०,०००. ती चाचणी कापड घासून किती झिजते एवढेच सांगते, ओरखड्याविषयी काही सांगत नाही. घरात मांजर असेल तर त्या आकड्यापेक्षा तिरप्या उजेडातला फोटो मला अधिक उपयोगाचा वाटतो.

कुत्र्याच्या ब्रशमधले केस दोन्ही तुकड्यांवर पसरून आणखी एक फोटो घेतला. बदामीवर ते जवळजवळ दिसेनात. मखमलीवर दिसले, पण मिसळ रंगामुळे पूर्ण गडद कापडावर दिसतील तितके नाहीत. त्यानंतर वरणाचा एकेक थेंब टाकून ओल्या फडक्याने टिपला. सुती धाग्याने हळद पटकन शोषली आणि पिवळे कडे राहिले. पॉलिएस्टरवर पुसट छटा उरली. असा डाग साबणाने घासू नये, अल्कली लागताच हळद लालसर होते. पाण्याने टिपून तुकडा उन्हात ठेवला की रंग हळूहळू उडतो, कारण हळदीतला रंग उजेडात टिकत नाही.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. मांजर अजूनही सोफ्याच्या हातांवर पंजे टेकते, पण बैठकीवर आणि पाठीवर ओढलेला एकही धागा नाही. त्रास झाला तो फक्त पुढच्या शिवणीवरच्या गोटाला. तिथे नखीला पकड मिळते, म्हणून पुढच्या वेळी मी गोट नकोच म्हणेन. केसांचे म्हणाल तर थंडीतल्या कोरड्या हवेत ते स्थिर विजेमुळे जास्त चिकटतात. व्हॅक्यूमपेक्षा किंचित ओला केलेला रबरी हातमोजा लवेच्या दिशेने फिरवणे बरे. केसांची गुंडाळी होऊन निघते.

मखमलीची खरी उणीव तेल आहे. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण तेल धरून ठेवते. मुलांच्या डोक्याचे खोबरेल पाठीच्या वरच्या कडेला बसले आणि तिथली लव चिकटून गडद पट्टा तयार झाला. सौम्य फोमने तो बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. आता त्या कडेवर धुता येईल अशी पट्टी टाकतो. या बाबतीत बदामी कापड बरे ठरले असते असे मात्र नाही.

शिवायला देताना एक सूचना आवर्जून द्यावी. नमुना उलटा फिरवून टिपलेल्या फोटोत तोच रंग एक छटा गडद दिसला होता, कारण लव एका दिशेला झुकलेली असते. मी कारागिराला ते दोन्ही फोटो दाखवले आणि प्रत्येक भागाची लव खाली उतरती ठेवायला सांगितले. त्यामुळे कापड थोडे जास्त लागले, पण तिन्ही बैठकी एका रंगाच्या दिसतात.