आत्याच्या एलपीवरचा अंगठा : सुका ब्रश, हाताची धुलाई, टब की यंत्र?

चवथीला दोन महिने असताना डिचोलीच्या आत्याने पत्र्याची ट्रंक माझ्या हवाली केली. आत बत्तीस एलपी रेकॉर्डी आणि तळाशी मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या काही जड तबकड्या. सगळ्यांवर तांबडी धूळ. डिचोलीत राहिलेल्याला ती सांगायला नको. खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा पडवीतल्या खुर्चीवर बोटाने नाव लिहिता यायचं. वरच्याच नाट्यगीतांच्या एलपीवर कुणाचा तरी अख्खा अंगठा उमटलेला होता. "धुवून दे, चवथीला लावूया," आत्या म्हणाली. कशाने धुवायचं ते ठरवायला मला आठवडा लागला.

आधी एक गोष्ट पक्की करा. धूळ आणि बोटाचा ठसा ही दोन वेगळी कामं आहेत. धूळ सुटी असते, ठसा तेलकट असतो, आणि त्या तेलात धूळ रुतून बसते. गोव्याची तांबडी धूळ म्हणजे लोखंडाची खनिजं, प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. म्हणून बनियनच्या कापडाने खसाखसा पुसणं हा पर्याय मी यादीतच धरत नाही. त्याने धूळ निघत नाही, खाचांच्या भिंतींवर घासली जाते.

सुका कार्बन फायबरचा ब्रश सगळ्यात स्वस्त. रेकॉर्ड फिरत ठेवायची, केस नुसते टेकवायचे, दोन-तीन फेरे झाले की ब्रश हळूच काठाकडे सरकवत धूळ बाहेर काढायची. दर वेळी सुई ठेवण्याआधी हे करावंच. पण ठशावर तो हरतो. मी आत्याच्या एलपीवर करून पाहिलं आणि दिवा तिरपा धरून बघितलं, तर अंगठ्याची मऊ कमान लांबट होऊन खाचांच्या दिशेने पसरलेली. तेल गेलं नव्हतं, फक्त जागा बदलली होती. शिवाय तो ब्रश जी स्थिर वीज उतरवतो तिचा त्रास आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तसा कमीच. म्हणजे त्याचा अर्धा गुण इथे वायाच.

ठशासाठी ओलं काम हवं. माझं मिश्रण असं : 400 मिली डिस्टिल्ड वॉटर, 100 मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन थेंब. दोनच. हात धुवायचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते खाचेत राहतं. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. तिथेच ॲसिडही विकतात, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचून घ्या. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, सुकल्यावर त्यातले क्षार खाचेत बसतात. जुन्या रेकॉर्डी जपणारे काही जण अल्कोहोल पूर्ण टाळतात. मी ते फक्त ठसे असलेल्या एलपींना वापरतो, नुसत्या धुळीच्या रेकॉर्डींना नाही.

हाताने धुताना लेबल झाका. त्याच मापाचं प्लॅस्टिकचं झाकण मध्ये दाबून धरलं की पुरतं. मऊ केसांच्या चपट्या ब्रशने मिश्रण लावा, मिनिटभर भिजू द्या, मग खाचांच्या दिशेनेच गोल फिरवा, चार फेरे असे, चार फेरे उलटे. आडवं कधी नाही. मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या, पुसू नका. त्यानंतर दुसऱ्या ब्रशने नुसतं डिस्टिल्ड वॉटर लावायचं आणि दुसऱ्या कापडाने टिपायचं. बहुतेकांची चूक इथेच होते. पहिलं पाणी मध्येच सुकलं किंवा खळबळून काढलं नाही, तर सुटलेला मळ आणि साबण खाचेतच गोठतो. धुतल्यावर रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त कुरकुरली किंवा सुईच्या टोकावर करडा गोळा जमला, तर खळबळणं कमी पडलंय असं समजा आणि नुसत्या पाण्याने पुन्हा धुवा.

एका एलपीला मला वीस मिनिटं लागली. बत्तीसांचा हिशेब केला आणि टबाकडे वळलो.

टबात रेकॉर्ड उभी राहते, दोन्ही बाजूंना मखमलीचे ब्रश असतात, तुम्ही हाताने फिरवता. लेबल पाण्याबाहेर राहतं, आणि एका भरणीत पंधरा-वीस रेकॉर्डी निघतात. वेळ वाचतो यात वाद नाही. पण आधीच्या रेकॉर्डीचा मळ त्याच पाण्यात असतो आणि खळबळण्याची वेगळी सोय नसते. म्हणून मी स्वच्छ दिसणाऱ्या आधी आणि तांबड्या झालेल्या शेवटी घातल्या, आणि प्रत्येकीला बाहेर काढून नुसत्या पाण्याचा एक हात दिला. टबापेक्षा हाताची धुलाई ठशावर सरस पडते, कारण तिथे मिश्रण थांबतं.

चौथा पर्याय व्हॅक्यूमचं यंत्र : पाणी लावायचं आणि नळीने खाचेतून ओढून घ्यायचं. किंमत पाच आकडी, आवाज मिक्सरसारखा. तरी आपल्याकडे याचा खरा फायदा सफाईत नाही, सुकवण्यात आहे. आषाढात हाताने धुतलेली एलपी माझ्याकडे पंख्याखाली रात्रभर ठेवूनही काठाला ओलसर लागली. ती तशीच कागदी पाकिटात गेली असती तर महिन्यात बुरशी धरली असती. मी मग भांड्यांच्या स्टँडवर उभ्या ठेवून एसीच्या खोलीत सुकवल्या आणि पाकिटं नवी घातली. उन्हात ठेवायचं सुचेल, पण नका ठेवू, प्लॅस्टिक वाकतं. शंभरापेक्षा जास्त एलपी असतील आणि पावसातच धुवायच्या असतील तर यंत्राचा विचार करा. बत्तीसांसाठी नाही.

लाकडाचा पांढरा गोंद ओतून सोलायचा उपायही लोक सांगतात. पावसात तो नीट सुकत नाही, दुधाळ राहतो, आणि सोलताना तुकडे खाचेत अडकतात. मी एका भंगार एलपीवर करून सोडून दिला.

78च्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. त्या लाखेच्या असतात. अल्कोहोलने लाख विरघळते, आणि पाणीही फार वेळ नको. त्यांना वरच्या मिश्रणाचा थेंबही लावू नका. अल्कोहोल वगळून तेच पाणी, झटपट, आणि लगेच टिपणं. लेबलवर बहुतेकदा 78 लिहिलेलं असतं, नाहीतर वजन आणि काचेसारखा टणक आवाज ओळखू येतो. आत्याच्या ट्रंकेतल्या या तबकड्या मी पाऊस संपेपर्यंत तशाच ठेवल्या.

तर : दहा-पंधरा एलपी असतील तर सुका ब्रश आणि हाताची धुलाई. तीस-चाळीस असतील तर टब, आणि ठसेवाल्या तेवढ्या हाताने.

पैसे घालण्याआधी रेकॉर्ड एकदा ऐका. एलपीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा असतो. टिकटिक बरोबर तेवढ्याच अंतराने येत असेल तर तो ओरखडा, धुऊन जाणार नाही. कुरकुर कुठेही, कशीही येत असेल तर मळ. आणि तान चढली की आवाज फाटत असेल तर खाच झिजली आहे. आत्याच्या एलपीवरचा अंगठा गेला, त्याखालची कुरकुर गेली, पण दुसऱ्या गाण्यात 1.8 सेकंदांची ती टिक तशीच आहे, आणि यंत्र आणलं असतं तरी ती तशीच राहिली असती.