‘किमान ५ टक्के वाढ’ आणि ११ महिन्यांचा करार: नागपुरात गाळा किरायाने घेताना आमची झालेली फसवणूक

प्रतापनगर भागात लेडीज टेलरिंगसाठी आम्ही एक गाळा किरायाने घेतला होता. महिना १५,००० रुपये किराया, ६०,००० डिपॉझिट. माझी एकच अट होती. किराया दरवर्षी ठरलेल्या टक्क्यानेच वाढावा, म्हणजे दर वर्षी घासाघीस करायला बसावं लागू नये. शिवणकामाच्या धंद्यात गिऱ्हाईक दुकानाच्या जागेला बांधलेलं असतं. मापं, उधारी, अर्धवट शिवलेले ब्लाऊज सगळं तिथेच असतं, आणि मालकालाही हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे दर वर्षी नव्याने बोलणी करायची वेळ आली, तर कोण झुकणार हे आधीच ठरलेलं असतं.

मालकांना सगळे काकाजी म्हणायचे. बोलायला गोड. त्यांनी मोबाईलवर मेसेज पाठवला, ‘५ टक्के दरवर्षी, ३ वर्षं फिक्स.’ त्या भरवशावर आम्ही ट्रायल रूमचं पार्टिशन, रॅक, वायरिंग आणि बोर्ड यांवर पावणेदोन लाखांच्या वर खर्च केला. करार मात्र ११ महिन्यांचा झाला. तीन वर्षांचाच करा, असं मी म्हटलं होतं. त्यावर काकाजी म्हणाले, “ताई, आपल्याकडे अकरा महिन्याचंच चालते. जास्तीचं केलं तर स्टॅम्पचा खर्च वाढते. पाच टक्के लिहून देऊन राहिलो ना मी, मग काहून टेन्शन घेता?” लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आलेल्या एजंटनेही तेच सांगितलं. क्लॉज टाकला आहे, पुढचे करार त्याच दराने आपोआप होत जातील, असं तो म्हणाला.

तो क्लॉज असा होता: ‘मुदत संपल्यानंतर उभय पक्षांच्या संमतीने नवीन करार करता येईल व अशा वेळी परवाना शुल्कात किमान ५ टक्के वाढ राहील.’ परवाना शुल्क म्हणजे किरायाच. शेवटच्या पानावर आणखी एक ओळ होती. यापूर्वीची सर्व तोंडी व लेखी बोलणी या करारात विलीन झाली असून ती आता लागू नाहीत, असा तिचा अर्थ.

पोळा झाला, मारबत निघाली, आणि त्याच आठवड्यात काकाजी दुकानात आले. करार सप्टेंबरअखेर संपत होता. पुढे नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई. म्हणाले, २२,००० द्या, नाहीतर महिनाअखेर जागा खाली करा. ठरल्याप्रमाणे १५,७५० व्हायला हवे होते. पाच टक्क्यांऐवजी ही जवळपास ४७ टक्के वाढ होती. मी मेसेज दाखवला. त्यांनी करार दाखवला. “किमान लिहिलं आहे, वाचा. आणि संमतीने लिहिलं आहे. माझी संमती बावीसला आहे.”

बाजूच्या झेरॉक्सवाल्या भाऊंनी नंतर सांगितलं की आमच्या आधी तिथे मोबाईल रिपेअरिंगचा मुलगा होता, त्याच्याशीही असंच झालं होतं. आधी खर्च करू द्यायचा, मग धंद्याच्या ऐन हंगामात करार संपवायचा. काकाजींची ही ठरलेली पद्धत होती, म्हणून मी हिला फसवणूकच म्हणते.

आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण नागपुरात माझ्या ओळखीतल्या बहुतेक दुकानदारांकडे असाच कागद आहे.

वाढीचा क्लॉज कराराच्या मुदतीच्या आतच काम करतो. ११ महिन्यांच्या करारात वर्षानंतरची वाढ लिहिली, तर ती वाढ लागू होण्याआधीच करार संपलेला असतो. मग उरतं ते पुढच्या कराराबद्दलचं बोलणं. त्यात ‘संमतीने करता येईल’ असं असेल, तर मालकावर करार करून देण्याचं बंधन येत नाही. आणि ‘किमान’ लिहिलं की पाच टक्के हा दर राहत नाही, तो नुसता तळ होतो. वर कितीही जाता येतं. ‘५ टक्के किंवा बाजारभाव, यापैकी जे जास्त असेल ते’ हा याचाच दुसरा अवतार आहे, आणि तोही मी आता दोन-तीन जणींच्या करारांत पाहिला आहे. बाजारभाव कोण ठरवणार, कशावरून, हे त्यात कुठेच नसतं. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे रद्दबातल ठरतो. पण त्यासाठी कोर्टात जायचं म्हणजे दुकानाचा हंगाम घालवायचा.

खर्च वाढतो हे कारणही खोटं होतं, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे आमच्यासारख्या जागा वापरायच्या परवान्याच्या करारावर, ६० महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतल्या एकूण किरायावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के व्याजावर मोजतात. आमच्याच आकड्यांनी पाहा. तीन वर्षांचा किराया ५ टक्के वाढीने सुमारे ५,६७,५०० रुपये होतो आणि डिपॉझिटवरचं व्याज १८,०००. दोन्हींवर ०.२५ टक्के म्हणजे साधारण १,४६५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत, तेही एकदाच. ११ महिन्यांच्या करारात शुल्क सव्वाचारशेच्या आसपास येतं, पण १,००० ची फी प्रत्येक वेळी भरावी लागते. तीन वेळा केलं की चार हजारांच्या पुढे जातं, आणि एजंटचे पैसेही तीनदा. म्हणजे लांब मुदतीचा करारच स्वस्त पडतो.

११ महिन्यांची सवय नोंदणी टाळण्यासाठी पडली आहे. नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक वर्षाच्या आत थांबत. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे आपल्याकडे कोणत्याही मुदतीचा असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. म्हणजे इथे ११ महिन्यांत काही वाचत नाही. तरीही मालक त्याच मुदतीवर अडून बसला, तर त्याला दर वर्षी नव्याने बोलणी करण्याची संधी हवी आहे, असंच धरून चाला.

काकाजी शेवटी २०,००० वर आले. हंगाम सोडता येत नव्हता, म्हणून तेवढे महिने आम्ही ते दिले आणि लग्नसराई संपल्यावर त्रिमूर्तीनगरला गेलो. डिपॉझिटमधून रंगरंगोटीच्या नावाने १८,००० कापले. पार्टिशन आणि वायरिंग तिथेच राहिलं.

नव्या जागेचा करार ३६ महिन्यांचा केला. तिथे मालकीण आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांनाही एक काळजी होती, तीन वर्षांत भाव खूप वाढले तर त्यांचं नुकसान होईल. ती रास्तच होती. त्यामुळे वाढ ५ ऐवजी ६ टक्के ठरवली आणि त्या बदल्यात मध्ये कोणतीही फेरबोलणी नाही हे त्यांनी मान्य केलं. वकिलांनी टक्का न लिहिता सरळ रुपये लिहिले:

‘परवाना शुल्क दरमहा पुढीलप्रमाणे राहील: महिना १ ते १२, रुपये १४,०००, महिना १३ ते २४, रुपये १४,८४०, महिना २५ ते ३६, रुपये १५,७३०. मुदतीत बाजारभाव किंवा अन्य कोणत्याही कारणाने याव्यतिरिक्त वाढ होणार नाही. डिपॉझिट व देखभाल शुल्क यांना ही वाढ लागू नाही.’

रुपये लिहिले की पुढचे वाद उरत नाहीत. टक्का मूळ किरायावर की मागच्या वर्षीच्या किरायावर, हा प्रश्नच येत नाही. तीन वर्षांत हा फरक किरकोळ असतो, पण १० टक्के वाढीच्या पाच वर्षांच्या करारात १५,००० चा किराया एका हिशेबाने २१,००० होतो आणि दुसऱ्याने जवळपास २१,९६०. शिवाय देखभालीची रक्कम किरायात मिसळून तिच्यावरही वाढ लावायची, हा प्रकार शेवटच्या ओळीने बंद होतो. ऑनलाइन नोंदणी करतानाही किराया महिन्यांच्या टप्प्यांनी भरता येतो. एजंट एकच आकडा भरत असेल तर तिथेच थांबवा, आणि अंगठा लावण्याआधी स्क्रीनवरचा मसुदा स्वतःच्या मोबाईलवर मागवून ठरलेल्या मसुद्याशी ओळीओळीने ताडून पाहा.

नूतनीकरणाचा क्लॉजही वेगळा लिहिला. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी आम्ही लेखी कळवलं, तर मालकीण आणखी २४ महिन्यांचा करार त्याच अटींवर, शेवटच्या किरायावर ६ टक्के वाढ धरून ‘करून देतील’. आमच्या जुन्या करारात ‘करता येईल’ होतं, इथे ‘करून देतील’ आहे.

तरी एक भोक राहतंच. करार छापील नमुन्यावर केला की त्यात बहुतेकदा ‘कोणत्याही पक्षाने एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवावा’ अशी ओळ असते. ती ठेवली तर वरचं सगळं वाया जातं, कारण मालक नोटीस देऊन पुन्हा नव्या किरायाची बोलणी सुरू करू शकतो. आम्ही ती बदलून घेतली. आम्ही नोटीस देऊ शकतो, पण मालकीण किराया दोन महिने थकल्याशिवाय किंवा जागेचा गैरवापर झाल्याशिवाय ३६ महिने करार संपवू शकत नाहीत. संपवलाच, तर फर्निचर आणि वायरिंगवरच्या आमच्या खर्चाचा उरलेल्या महिन्यांचा भाग परत देतील, आणि ती रक्कमही करारात लिहिली आहे. लायसन्समुळे जागेत आपला हक्क तयार होत नाही, आणि जागा विकली गेली तर नवा मालक जुन्या लायसन्सने बांधलेला नसतो. म्हणून नुकसानभरपाईची रक्कम कागदावर असणं गरजेचं आहे.

ज्यांच्याकडे आत्ता ११ महिन्यांचा, ‘किमान’ किंवा ‘जे जास्त असेल ते’ असलेला करार चालू आहे, त्यांनी मुदत संपायची वाट पाहू नये. आपला हंगाम दूर असताना, जागेवर नवा खर्च करायच्या आधी, मालकाला टप्प्यांचे आकडे लिहिलेला ३६ महिन्यांचा मसुदा द्या आणि उत्तर लेखी मागा. त्याने नकार दिला तर दुसरी जागा शोधायला निदान हातात महिने असतील. आमच्या हातात तेव्हा तीन आठवडे होते.