प्रिंट की वेब: एकाच फोटोच्या शार्पनिंगचे आणि नॉइजचे दोन हिशेब

सिंधुदुर्गातल्या एका जत्रेत काढलेला दशावताराचा एक फोटो माझ्याकडे आहे. मुकुट घातलेला राजा, अंगावर जरीचा पोशाख, मागे मिट्ट काळोख. देवळासमोर उजेड बेताचाच होता, म्हणून आयएसओ ६४०० वर गेलो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे उभी फ्रेम ४००० बाय ६००० पिक्सेलची. राजाचं काम करणाऱ्या कलाकाराला घरी लावायला १२ बाय १८ इंची प्रिंट हवी होती आणि मला तोच फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा होता. एकच फाइल दोन्हीकडे पाठवावी की दोन वेगळ्या कराव्यात?

मी पहिल्यांदा एकच केली. लाइटरूममध्ये १०० टक्क्यांवर झूम करून पाहिलं तर काळोखात नुसते दाणे, म्हणजे नॉइज, दिसत होता. मग दाणे पुसणारा Luminance ५० पर्यंत नेला. स्क्रीनवर सगळं कसं स्वच्छ झालं! प्रिंट हातात आली तेव्हा राजाचा चेहरा मेणाचा झाला होता, आणि जरीच्या जागी पिवळा कपडा दिसत होता.

चूक झूममध्ये होती. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात. १०० टक्क्यांवर पाहताना आपण खरं तर साडेपाच फूट उंचीचा फोटो हातभर अंतरावरून बघत असतो. १२ बाय १८ च्या प्रिंटमध्ये त्याच एका इंचात ३३३ पिक्सेल येतात. मॉनिटरवर जो दाणा पाव मिलिमीटरहून थोडा मोठा दिसतो, तो कागदावर ०.०८ मिलिमीटरपेक्षाही लहान होतो. भिंतीवरची फ्रेम आपण दोन-तीन फुटांवरून बघतो, आणि तिथून इतका बारीक दाणा डोळ्याला वेगळा सापडत नाही. सापडलाच तर कागदाचा पोत म्हणून खपून जातो. पुसलेली जरी मात्र दहा फुटांवरूनही कळते. म्हणून प्रिंटसाठी Luminance मी आता २० च्या आसपास ठेवतो आणि स्क्रीनवर थोडे दाणे दिसले तरी ते तसेच राहू देतो.

वेबचा हिशेब वेगळा. इन्स्टाग्रामसाठी फ्रेम ४:५ मध्ये कापली की ४००० बाय ५००० उरते आणि ती १०८० बाय १३५० होते. मूळचे सुमारे १४ पिक्सेल मिळून एक पिक्सेल बनतो. या सरासरीत दाणे आपोआप विरतात. गणिताने नॉइज पावणेचार पटींनी कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात तितका होत नाही, कारण शेजारच्या पिक्सेलांचा नॉइज एकमेकांशी थोडा जोडलेला असतो. पण कमी होतो तो पुरेसा. प्रिंटसाठी ठेवलेला २० इथेही चालतो आणि त्यापुढे जायची गरज पडत नाही.

याला एक अपवाद आहे. त्याच फ्रेममधून फक्त राजाचा चेहरा कापून वेबवर टाकायचा असेल आणि कापलेला तुकडाच जेमतेम १२०० पिक्सेल रुंद असेल, तर फोटो लहान होतच नाही आणि सगळा नॉइज जसाच्या तसा पोचतो. वर जेपीइजी दाबताना दाण्यांभोवती चौकोनी डाग उमटतात. व्हॉट्सॲपवरून दोन-तीन हात फिरला की ते आणखी ठळक होतात. अशा कापलेल्या फोटोसाठी मी Luminance ३५-४० पर्यंत नेतो, पण वेगळ्या प्रतीवर.

रंगाच्या नॉइजला मात्र दोन्हीकडे एकच नियम. काळोखातले लालसर-हिरवट डाग बऱ्याच पिक्सेलांवर पसरलेले असतात, त्यामुळे फोटो लहान केला तरी ते जात नाहीत, आणि प्रिंटच्या काळ्यात तर हमखास दिसतात. लाइटरूम रॉ फाइलला Color मुळातच २५ देतं. या फोटोला ४० लागला.

शार्पनिंगमध्ये प्रिंट आणि वेब खरोखर उलट्या दिशांना जातात. शार्पनिंग म्हणजे कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद रेघ ओढणं. ती रेघ किती रुंद दिसेल, हे पिक्सेल किती मोठा आहे त्यावर ठरतं. तीन पिक्सेलांची रेघ मॉनिटरवर जवळजवळ एक मिलिमीटरची होते आणि मुकुटाभोवती पांढरी किनार बनून डोळ्यात खुपते. प्रिंटवर तीच पाव मिलिमीटरच्या आत येते. किनार दिसत नाही, कडा तेवढी धारदार वाटते. त्यातून इंकजेटची शाई कागदात थोडी पसरते, मॅटवर जास्त, ग्लॉसीवर कमी. म्हणून प्रिंटची फाइल स्क्रीनवर थोडी कर्कश दिसायलाच हवी. स्क्रीनवर छान वाटणारी फाइल कागदावर मऊ पडते.

फोटोशॉपच्या Unsharp Mask मध्ये Radius साठी, म्हणजे या रेघेच्या रुंदीसाठी, जुना ठोकताळा आहे: प्रिंटच्या एका इंचातले पिक्सेल भागिले २००. आपल्या फोटोला ते १.७ च्या जवळ येतं. वेबला ०.३ ते ०.५ पुरे, आणि तेही फोटो लहान करून झाल्यावर. मोठ्या फाइलवर केलेलं शार्पनिंग लहान करताना बरंचसं वाहून जातं.

| | १२ × १८ प्रिंट | १०८० पिक्सेल वेब |
|---|---|---|
| Luminance | २० | २०. खोल कापलेला असेल तर ३५-४० |
| Color | ४० | ४० |
| Radius | १.७ | ०.३-०.५ |
| स्क्रीनवर कसा दिसावा | थोडा कर्कश | आहे तसाच योग्य |

लाइटरूम क्लासिकमध्ये Radius चा हिशेब करायचीही गरज नाही. Export मधल्या Output Sharpening मध्ये Screen, Matte Paper किंवा Glossy Paper निवडलं की आकार बदलल्यानंतरचं शार्पनिंग तेच करतं. मी वेबला Screen आणि Standard ठेवतो. मॅट प्रिंटला Matte Paper आणि High. मात्र नॉइज रिडक्शन Export मध्ये नाही. ते हवं तर Virtual Copy करावी लागते. म्हणून माझा निर्णय असा: शार्पनिंग प्रत्येक वेळी वेगळं, कारण त्याला जादा कष्टच नाहीत, नॉइजसाठी दुसरी प्रत फक्त खोल कापलेल्या फोटोला.

Detail मधलं मूळ शार्पनिंग दोघांना सामाईक असतं. तिथे Masking ची पट्टी Alt दाबून सरकवा. काळोख पूर्ण काळा आणि मुकुट, डोळे, जरी पांढऱ्या रेघांत दिसू लागले की थांबा. माझ्याकडे ते ७० वर आलं. हे केलं नाही तर पुढचं High काळोखातल्या दाण्यांनाच धार लावत बसतं, आणि मग माणूस पुन्हा Luminance वाढवायला धावतो.

प्रिंटचा अंदाज स्क्रीनवर घेता येत नाही. २८ टक्क्यांवर झूम केलं की आकार खऱ्या प्रिंटएवढा दिसतो, पण तेव्हा सॉफ्टवेअर स्वतःच पिक्सेल गाळत असतं. म्हणून मी पूर्ण आकाराच्या फाइलमधून चेहरा आणि जरी येईल असा १३३२ बाय १९९८ पिक्सेलचा तुकडा कापतो. त्याच्या ४ बाय ६ इंची प्रिंटमध्येही मोठ्या प्रिंटसारखेच एका इंचात ३३३ पिक्सेल येतात. Standard आणि High अशा दोन प्रती काढायच्या, मागे पेन्सिलने खूण करायची, मोठी प्रिंट ज्या कागदावर आणि ज्या मशिनवर निघणार त्यावरच काढायच्या. लॅबवाल्याला ‘करेक्शन न करता’ असं स्पष्ट सांगायचं, नाहीतर मशिन स्वतःचं शार्पनिंग वरून चढवू शकतं आणि दोन्ही प्रती सारख्याच येतात.

दुसऱ्या वेळी या दोन तुकड्यांपैकी High वाला मी दाराजवळच्या उजेडात तीन फुटांवर धरला. जरीची एकेक तार मोजता येत होती. मुकुटाभोवतीची किनार बघायला मात्र तो नाकाशी न्यावा लागला.