शिरोलीच्या प्रेसवरचं नवं बिडाचं फ्लायव्हील: सात महिन्यांनंतर

परवा गार्ड काढला, तर एका आऱ्याच्या मुळाशी, रिमला लागून, केसाएवढी चीर. विक्रेता म्हणतो, "तुम्ही फेरे वाढवले, म्हणून." हे मला अजिबात मान्य नाही, पण आधी चाकाबद्दल.

७५ टनी गिअर प्रेसवर आधी ६०० मिमी व्यासाची २०० किलोची भरीव तबकडी होती. नव्या चाकाचा व्यास आणि वजन तेवढंच, पण १६० किलो बीड बाहेरच्या रिममध्ये. रिमचा आतला व्यास ४४०, रुंदी साधारण १७०, त्यामुळे गार्ड नवा करावा लागला. बीड किलोवर विकलं जातं, पण ऊर्जेची साठवण ठरते वजन आसापासून किती लांब आहे त्यावर, आणि तीही अंतराच्या वर्गाने. मिनिटाला ३०० फेऱ्यांवर जुन्यात ४.४ किलोज्यूल होते, यात सुमारे ५.९. पैसे तेवढेच.

५ मिमी पत्र्यातून १०० मिमीचा ब्लँक कापायला साधारण १.४ किलोज्यूल जातात. जुनं चाक एका ठोक्यात ३०० वरून २५० पर्यंत उतरायचं आणि पट्टे घसरायचे. हे २६२ च्या आसपास थांबतं, मोटरही कमी तापते.

दोन महिन्यांनी पुली बदलून ३६० केले. वेग २० टक्के वाढला की ऊर्जा ४४ टक्के वाढते, खर्च फक्त पुलीचा. तेव्हा हाच खरा स्वस्त मार्ग वाटला होता. आता तसं वाटत नाही. स्ट्रोक ५० वरून ६० झाले आणि क्लचची चावी दर ठोक्याला जोरात आपटू लागली. महिनाभरात परत ३०० वर आलो.

आता त्या चिरेचा हिशेब. ३६० वरही रिमचा वेग सेकंदाला ११.३ मीटर, बिडासाठी रूढ मर्यादा ३० च्या आसपास. फिरण्याने रिममध्ये येणारा ताण घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मिमीला १ न्यूटनहून कमी. रिम जाड केली तरी हा ताण कमी होत नाही, कारण वजनही तेवढंच वाढतं. तेव्हा चीर वेगाची नाही, ओतकामाची आहे: पातळ आरे आधी गार झाले, जाड रिम नंतर आकसली आणि जोडावर ताण अडकून राहिला. तिथला फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, बोटानेही जाणवत नाही! एवढ्या वजनाच्या चाकाला तीक्ष्ण कोपरा ठेवणं अक्षम्य आहे, आणि चाकावर कमाल फेऱ्यांचा आकडाही कोरलेला नाही.

ज्यांच्याकडे असं चाक आहे त्यांनी प्रेस बंद करून, वीज तोडून, जोड पुसून रॉकेल लावावं, अर्ध्या तासाने कोरडं पुसून खडूची पूड फासावी. चीर असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. ती दिसली की चाक उतरवायचं, वेल्डिंग करून पुन्हा चढवायचं नाही. नवीन ऑर्डरमध्ये मोठा फिलेट, साच्यातच सावकाश गार करणं आणि ओतल्यावर ताणमुक्तीची भट्टी लिहून घ्यावी. रिमवर वजन ठेवायची कल्पना मात्र मी सोडणार नाही.