कळंबोली ते पुणे: फास्टेस्ट, शॉर्टेस्ट की अव्हॉइड हायवेज?

मुंबईहून गाडीने पुण्याला येणाऱ्याला कळंबोलीला एकदा ठरवावंच लागतं, एक्सप्रेसवेने जायचं की जुन्या हायवेने. मार्ग शोधणारं अ‍ॅप हा निर्णय तुमच्यासाठी घेतं, पण तुम्ही सेटिंगमध्ये कशावर खूण केली आहे त्यावरून. ती खूण नेमकं काय करते, हे या एका प्रवासात छान दिसतं.

अ‍ॅपसाठी रस्ता म्हणजे लहान लहान तुकड्यांची साखळी. प्रत्येक तुकड्याला एक ‘खर्च’ लावलेला असतो आणि ज्या साखळीची बेरीज सर्वांत कमी, तीच सुचवली जाते. फास्टेस्टमध्ये हा खर्च मिनिटांत मोजतात, शॉर्टेस्टमध्ये मीटरमध्ये. अव्हॉइड हायवेज मोजमाप बदलत नाही, काही तुकड्यांवर जादा खर्चाचा दंड लावून ते महाग करतं किंवा सरळ यादीतून काढतं.

फास्टेस्ट लावलंत तर उत्तर बहुतेक वेळा एक्सप्रेसवे. अंतर सुमारे 94 किलोमीटर, घाट सोडला तर मोटारींना ताशी 100 ची मर्यादा, मध्ये चौक नाहीत. मोटारीचा एका बाजूचा टोल, जो एप्रिल 2023 मध्ये 320 रुपये झाला, या हिशेबात कुठेच येत नाही. वेळ वाचवा म्हटलं की अ‍ॅप तेवढंच बघतं. ऑफलाइन अ‍ॅपला शनिवार सकाळची बोरघाटातली रांगही दिसत नाही, ते ठरलेला वेग धरूनच मिनिटं मोजतं.

आणि रांग दिसली तरी सुटका होतेच असं नाही. आडोशी बोगद्याजवळ एक्सप्रेसवे आणि जुना हायवे एकत्र येतात, ते खंडाळ्याजवळ पुन्हा वेगळे होतात. कोंडी या सामायिक तुकड्यात असेल तर खालून कुठूनही आलात तरी तिथेच अडकाल. दोन्ही मार्गांच्या वेळेत चारपाच मिनिटांचाच फरक दाखवत असेल, तर कारण बहुधा हेच.

शॉर्टेस्टबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. समजा, ताशी 80 ने जाता येईल असा 2 किलोमीटरचा रस्ता आहे आणि गावातून जाणारी 1.6 किलोमीटरची गल्ली आहे, जिथे 20 च्या वर वेग जात नाही. पहिल्याला दीड मिनिट लागतं, दुसरीला जवळजवळ पाच. शॉर्टेस्ट बिनदिक्कत गल्ली निवडतं, कारण 400 मीटर वाचले. वल्हाला या मार्ग शोधणाऱ्या मुक्त इंजिनात तर `shortest` चालू केलं की बाकीचे सगळे दंड आणि आवडीनिवडी बाद होतात, फक्त अंतर उरतं. चिंचवड किंवा खडकीच्या आतल्या बोळांतून जायला लावणारा मार्ग दिसला, तर आधी हे सेटिंग तपासा. गूगल मॅप्समध्ये ही खूणच नाही. तिथे पर्यायी मार्गांचे किलोमीटर वाचून स्वतःच ठरवावं लागतं.

सर्वांत जास्त गैरसमज अव्हॉइड हायवेजचा. ‘हायवे’ म्हणजे नेमका कुठला रस्ता, हे नकाशा ठरवतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या पद्धतीत एक्सप्रेसवे हा `motorway`, तर आपले राष्ट्रीय महामार्ग सहसा `trunk`. हाच नकाशा वापरणाऱ्या ऑस्मअँड अ‍ॅपमध्ये जी खूण आहे ती मोटरवे टाळण्याची. म्हणजे ती केली की एक्सप्रेसवे गळतो आणि तुम्ही चौक, खोपोली, लोणावळा, कामशेत, वडगाव करत जुन्या हायवेवरून येता. हायवे टाळा म्हटलं आणि हायवेवरच आलो! शिवाय वरसोली आणि सोमाटण्याचे टोलनाके याच रस्त्यावर आहेत. टोल चुकवण्यासाठी ही खूण करणाऱ्यांनी अव्हॉइड टोल्स वेगळं लावावं, ते निराळं सेटिंग आहे.

घाटात आणखी एक गंमत होते. वल्हालामधलं `use_highways` 0 ते 1 असतं, न छेडता 0.5, ते 0 केलं तरी तो दंड आहे, बंदी नाही. दुसरी सोय महाग पडत असेल तर सामायिक तुकडा मार्गात येतोच. पूर्ण बंदी घालणारं अ‍ॅप असेल तर त्याला दुसरी वाट शोधावी लागते, आणि बोरघाटासारख्या ठिकाणी वाटा मोजक्याच. मग एखादा भलामोठा वळसा समोर येतो. अंतर अचानक पन्नाससाठ किलोमीटरने वाढलेलं दिसलं तर हीच शंका घ्या. घाटाचा भाग मोठा करून पाहा आणि वळणांची यादी वाचा.

दुचाकीवाल्यांनी मात्र अव्हॉइड हायवेजवर विसंबू नये. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, आणि दंड पद्धतीचं अ‍ॅप सोयीचं वाटलं तर त्याच्यावर नेऊन सोडू शकतं. त्यासाठी वाहनाचा प्रकारच दुचाकी निवडायचा.

मोटारीने, घाईत असेन तर मी फास्टेस्ट घेतो. लोणावळ्यात थांबून चिक्की घ्यायची असेल तर मोटरवे टाळण्याची खूण करतो, आणि परतताना ती काढायला विसरतो. दोनदा झालंय हे. कळंबोलीला पोचायला उशीर होतोय असं वाटलं, की आता आधी सेटिंगच उघडतो.