आयसोब्युटिल की निओपेंटिल? दोघेही प्रायमरी, तरी एसएन-२ मध्ये तीन हजार पटींचा फरक

फांदी असलेला अल्किल गट रेणूला जोडायचा आहे आणि हाताशी दोन ब्रोमाइडं आहेत: आयसोब्युटिल, म्हणजे (CH3)2CH–CH2–Br, आणि निओपेंटिल, म्हणजे (CH3)3C–CH2–Br. दोन्हींत ब्रोमीन –CH2– वर बसला आहे, म्हणून दोन्ही प्रायमरी. ‘प्रायमरी म्हणजे एसएन-२ जोरात’ हा नियम लावला तर कोणतंही घ्या, फरक पडू नये. प्रत्यक्षात पडतो, आणि तो सोसण्यासारखा आहे का हे प्रयोगाला बसण्याआधी ठरवावं लागतं.

इथाइल ब्रोमाइडचा वेग 1 धरला तर एसएन-२ चे ढोबळ सरासरी वेग असे:

| ब्रोमाइड | प्रकार | सापेक्ष वेग |
|---|---|---|
| इथाइल | प्रायमरी | 1 |
| प्रोपिल | प्रायमरी | 0.4 |
| आयसोब्युटिल | प्रायमरी | 0.03 |
| आयसोप्रोपिल | सेकंडरी | 0.025 |
| निओपेंटिल | प्रायमरी | 0.00001 |

समजा, ठरावीक परिस्थितीत इथाइल ब्रोमाइड अर्धं संपायला एक मिनिट लागतं. मग प्रोपिलला अडीच मिनिटं, आयसोब्युटिलला जेमतेम अर्ध्या तासाहून थोडं जास्त, आणि निओपेंटिलला जवळजवळ 70 दिवस. सेकंडरी असलेलं आयसोप्रोपिलसुद्धा या प्रायमरी निओपेंटिलपेक्षा अडीच हजार पट वेगवान आहे. तेव्हा इथे प्रायमरी-सेकंडरी हे वर्गीकरण फारसं कामाचं नाही. ते फक्त ब्रोमीन असलेल्या कार्बनकडे पाहतं, आणि गोची आहे शेजारच्या कार्बनवर, बीटा जागी.

बीटा कार्बनवर मिथाइल एकेक करून वाढवत गेलो की वेग सारख्या पायऱ्यांनी उतरत नाही, ही या तक्त्यातली खरी गंमत. पहिल्या मिथाइलने वेग अडीच पट घटतो, दुसऱ्याने आणखी तेरा पट, आणि तिसऱ्याने एकदम तीन हजार पट. गर्दी हळूहळू वाढते एवढंच कारण असतं तर शेवटची पायरी इतकी खोल गेली नसती.

कारण कळण्यासाठी दोन कार्बनांमधल्या बंधाच्या रेषेत डोळा ठेवून रेणूकडे पाहा, म्हणजेच न्यूमन प्रक्षेप काढा. न्यूक्लिओफाइल ब्रोमीनच्या बरोबर पाठीमागून येतो. मागच्या बीटा कार्बनवरच्या तीन गटांपैकी एक नेमका त्याच बाजूला, ब्रोमीनच्या उलट दिशेला उभा असतो. आयसोब्युटिलमध्ये तिथे हायड्रोजन आणता येतो: बंध थोडा फिरला की दोन्ही मिथाइल बाजूला होतात आणि वाट मोकळी होते. ती स्थिती रेणूला थोडी अडचणीची असते, शिवाय तो सतत त्याच स्थितीत नसतो, म्हणून वेग घटतो. पण वाट असते. निओपेंटिलमध्ये मागच्या तिन्ही जागांवर मिथाइलच आहेत. 120 अंशांनी फिरवा, 240 अंशांनी फिरवा, एक मिथाइल बाजूला गेला की दुसरा त्याच जागी येतो. टर्नस्टाइलच्या दांड्यांसारखं.

संक्रमण अवस्थेत मध्यवर्ती कार्बनभोवती पाच गट असतात, त्यामुळे तिथे ही दाटी आणखी जाचते. बंधाचे कोन वाकवून, लांबी ताणून रेणूला ती सोसावी लागते आणि सक्रियण ऊर्जा चढते. एक लाख पट वेगाचा फरक 25 अंश सेल्सिअसला ऊर्जेत मोजला तर मोलमागे सुमारे 28 किलोज्यूल भरतो. आयसोब्युटिल ते निओपेंटिल या शेवटच्या पायरीचे एकट्याचेच त्यातले 20.

‘एसएन-२ जमत नाही, तर एसएन-१ ने करू’ असं कुणी सुचवेल. तो मार्ग आयसोब्युटिललाही धड नाही, पण निओपेंटिलच्या बाबतीत तो सरळ वेगळ्याच पदार्थाकडे नेतो. ब्रोमाइड निघून जायला मदत होईल अशी परिस्थिती दिली, उदाहरणार्थ सिल्व्हर नायट्रेट, की ब्रोमीन जाताना शेजारचा एक मिथाइल सरकतो आणि तृतीयक कार्बोकॅटायन तयार होतो. मग हाती येतं ते 2-मिथाइलब्युटेन-2-ऑल किंवा 2-मिथाइल-2-ब्युटीन. हे घडलंय का, हे प्रोटॉन एनएमआर लगेच सांगतं. शाबूत निओपेंटिल गटाचे फक्त दोन एकेरी संकेत असतात, एक नऊ हायड्रोजनांचा आणि एक दोनाचा. पुनर्रचनेने बनलेल्या अल्कोहोलमध्ये इथाइल गटाचा तिहेरी आणि चौपदरी संकेत दिसतो. निओपेंटिलच्या नमुन्यात तिहेरी संकेत दिसला की कार्बोकॅटायन होऊन गेला असं समजावं.

इथवर पारडं आयसोब्युटिलकडे झुकतंय, पण त्याचीही एक दुखरी बाजू आहे. त्याच्या बीटा कार्बनवर हायड्रोजन आहे. सोडियम इथॉक्साइडसारखा प्रबळ बेस दिला तर तो हायड्रोजन उपटला जातो आणि मालाचा मोठा भाग आयसोब्युटीन होऊन वायुरूपात उडून जातो. निओपेंटिलच्या बीटा कार्बनवर हायड्रोजनच नाही, त्यामुळे ई-२ चा प्रश्नच येत नाही. मला निओपेंटिलचा हा गुण नेहमी दुर्लक्षित वाटतो. जो रेणू विलोपनाने बिघडू शकत नाही, त्याला निर्धास्तपणे जास्त तापवता येतं.

म्हणून निवड न्यूक्लिओफाइलवरून करावी. थायोलेट, अझाइड, सायनाइड असा चांगला न्यूक्लिओफाइल, जो बेस म्हणून फार तिखट नाही, वापरायचा असेल आणि कोणताही फांदीदार गट चालणार असेल, तर आयसोब्युटिल घ्या. डीएमएफमध्ये साध्या गरमीत काम उरकतं. निओपेंटिलच हवा असेल तर हेच न्यूक्लिओफाइल डीएमएफ किंवा डीएमएसओमध्ये, भरपूर तापवून वापरा, आणि ब्रोमाइडऐवजी टोसिलेट घ्या. ब्रोमाइड 105 अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या कंडेन्सरखाली हळूहळू निसटतं. टोसिलेट घन आहे, जागचं हलत नाही. अल्कोहोल किंवा पाणी हे द्रावक टाळा: ते न्यूक्लिओफाइलला जखडतात आणि आयनीकरणाला हात देतात, म्हणजे नको ती दोन्ही कामं करतात.

ब्रोमाइड स्वतः बनवायचं असेल तरी हीच खबरदारी. निओपेंटिल अल्कोहोल आणि तीव्र HBr तापवलं तर पुनर्रचित तृतीयक ब्रोमाइड मिळू शकतं. ट्रायफिनाइलफॉस्फीन वापरणाऱ्या पद्धती इथे जास्त भरवशाच्या.

ईथर बनवायचा असेल तर मात्र दोन्ही ब्रोमाइडं बाजूला ठेवा आणि बंध उलट्या बाजूने जोडा. निओपेंटिल अल्कोहोलचा अल्कॉक्साइड करून त्यावर मिथाइल आयोडाइड टाका. आता हल्ला होतो तो मोकळ्या मिथाइलवर, आणि निओपेंटिलची गर्दी ऑक्सिजनच्या पलीकडे राहते. आयसोब्युटिल ईथरलाही हाच मार्ग चांगला, कारण बेसच्या तोंडी आयसोब्युटिल ब्रोमाइड द्यावंच लागत नाही.

हातात आलेल्या बाटलीत नेमकं काय आहे अशी शंका असेल तर ॲसिटोनमधल्या NaI चे थोडे थेंब परीक्षानळीत घालून पाहा. साधं प्रायमरी ब्रोमाइड, उदाहरणार्थ 1-ब्रोमोब्युटेन, काही मिनिटांत NaBr चा पांढरा साका देतं, कारण NaBr ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. निओपेंटिल ब्रोमाइडची नळी कोमट पाण्यात ठेवली तरी नितळच राहते. ब्युटिल क्लोराइडही थंड असताना गप्प बसतं, पण 50 अंशांना तापवल्यावर साका देऊ लागतं, तेव्हा तापवल्याशिवाय निकाल देऊ नका.